४,५३६ रुपयांचा टीडीएस आणि पंधरा-जीतली एक ओळ

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणायला बँकेत गेले होते. यंत्रातून पासबुक बाहेर आलं आणि शेवटच्या ओळीवर नजर थांबली. ३१ मार्च, टीडीएस, ४,५३६ रुपये वजा. मला नोकरी नाही, धंदा नाही, शिवणकाम किंवा शिकवण्याही नाहीत. बावन्न वर्षांची गृहिणी आहे मी. माझ्या खात्यातून सरकारने कर कशाचा कापला?

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहून सांगितलं, "काकू, व्याज चाळीस हजारांच्या वर गेलं तुमचं. पंधरा-जी दिला नव्हता ना?" तिने, माझं उत्पन्न करपात्र नाही, व्याजावर टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा तो छापील फॉर्म पुढे सरकवला आणि फुल्या केलेल्या जागी सह्या करायला सांगितल्या. "हा चालू वर्षासाठी. गेल्या वर्षीचे कापलेले पैसे आता आम्ही परत देऊ शकत नाही, रिटर्न भरून मिळतील."

सह्या तिथेच करून टाकल्या असत्या, पण चष्मा घरी राहिला होता. "उद्या आणून देते," म्हटलं आणि फॉर्म पिशवीत टाकला. पुढचं सगळं त्या विसरलेल्या चष्म्यामुळे घडलं.

आधी माझे पैसे कुठे कुठे आहेत ते सांगते, नाहीतर पुढचा हिशेब कळायचा नाही. आमच्या गावातल्या एका सहकारी बँकेत माझं बचत खातं आहे. त्याच बँकेत एप्रिल २०२३ पासून महिना पाच हजारांची आरडी चालू आहे, घरखर्चातून वाचवलेल्या पैशांची. तिथेच एप्रिल २०२४ मध्ये पाच लाखांची एफडी केली. ह्यांची विम्याची पॉलिसी पिकली, तेव्हा "तुझ्या नावावर ठेवू, तुला कुठे टॅक्स लागतोय," असं म्हणून ह्यांनी ती रक्कम माझ्या खात्यात वळती केली होती. आणि पोस्टात सहा लाखांचं मासिक उत्पन्न योजनेचं खातं आहे, ज्याला सगळे एमआयएस म्हणतात. ते पैसे आईने दिलेले. माहेरचं घर विकलं तेव्हा तिने आम्हा भावंडांना वाटून दिले, माझ्या वाट्याचा चेक मी २०२३ च्या मे महिन्यात पोस्टात भरला. एकट्याच्या नावावरची एमआयएसची मर्यादा त्याच वर्षी एप्रिलपासून साडेचार लाखांवरून नऊ लाखांवर गेली होती, म्हणून सहाचे सहा लाख एका खात्यात बसले. दर ७.४ टक्के, म्हणजे महिन्याला ३,७०० रुपये पोस्टाच्या बचत खात्यात जमा होतात.

घरी येऊन बँकेचा हिशेब मांडला. एफडीवर साडेसात टक्के, तिमाही चक्रवाढीने वर्षाचं व्याज ३८,५६८. हे चाळीस हजारांच्या आत आहे. मग कापलं का? दुसऱ्या दिवशी बँकेत विचारल्यावर कळलं की मर्यादा एकेका पावतीला नसते. त्या बँकेतल्या सगळ्या एफडी आणि आरडींचं व्याज एकत्र धरतात, शाखा वेगळी असली तरी. आरडीचं त्या वर्षाचं व्याज ६,७८९ होतं. दोन्ही मिळून ४५,३५७. चाळीस हजारांचा उंबरठा ओलांडला, आणि एकदा ओलांडला की वरच्या पाच हजारांवर नाही, सगळ्या ४५,३५७ वर दहा टक्के. म्हणून ४,५३६. बचत खात्याच्या व्याजावर मात्र टीडीएस कापत नाहीत, ते या बेरजेत येतच नाही.

मला आणखी एक गोष्ट खुपली. आरडी अजून पिकलेली नाही, एफडीही नाही. व्याजाची दमडी माझ्या हातात आलेली नाही. तरी बँक दर तिमाहीला ते व्याज तिच्या वह्यांत माझ्या नावे जमा धरते, आणि कापायची वेळ आली की बचत खात्यातून कापते. गहू अजून शेतात, आणि पिठाचा वाटा गिरणीवाल्याने आधीच काढून घेतलेला!

आता फॉर्म. रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून बसले. वरच्या रकान्यांत नाव, पॅन, पत्ता, कोणत्या वर्षासाठी. त्याखाली ज्या व्याजासाठी फॉर्म देत आहोत ते अंदाजे किती, आणि आपलं वर्षाचं एकूण उत्पन्न अंदाजे किती. याशिवाय दुसरीकडे कुठे पंधरा-जी दिला असेल तर तेही लिहायचं. इथपर्यंत सरळ आहे. माझं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही नाही, म्हणजे फॉर्म भरायला हरकत नाही, असंच कोणालाही वाटेल.

पण सहीच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजीत जे छापलंय, ते मी एकेक शब्द लावून वाचलं. वरची माहिती खरी आहे वगैरे झाल्यावर त्यात म्हटलंय की या फॉर्ममध्ये लिहिलेलं उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कोणाच्या एकूण उत्पन्नात धरलं जाणारं नाही, असं मी जाहीर करते. दुसऱ्या कोणाच्या म्हणजे कुणाच्या? माझ्या एफडीचं व्याज दुसऱ्याच्या उत्पन्नात कशाला कोण धरेल?

ह्यांना विचारलं. हे शाळेत शिक्षक आहेत, पण गणिताचे नाहीत. "काहीतरी कायद्याचं छापलेलं असतं, सगळे करतात सह्या," म्हणाले. माझ्या भिशीतल्या पाचजणींना दुसऱ्या दिवशी विचारलं. पाचहीजणी दर एप्रिलला पंधरा-जी देतात. ती ओळ एकीनेही वाचली नव्हती. गंमत म्हणजे पाचातल्या चौघींच्या पावत्यांतले पैसे नवऱ्यांनीच ठेवलेले.

मग मी आमच्या पेठेतल्या कर सल्लागारांकडे गेले. ह्यांचं रिटर्न तेच भरतात. मी फॉर्म पुढे केला आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, या पाच लाखांचा उगम काय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मग या एफडीचं व्याज तुमचं नाही. साहेबांचं आहे."

मला ते ऐकून रागच आला. पावती माझ्या नावाची, पॅन माझा, सही माझी. त्यांनी शांतपणे समजावलं ते असं. कलम ६४ म्हणतं की नवऱ्याने बायकोला पुरेसा मोबदला न घेता पैसा किंवा मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेतून येणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं. बायकोने नवऱ्याला दिलं तरी तेच, फक्त उलट बाजूने. देण्यावर कर नाही, भेट म्हणून पाच लाख द्या नाहीतर पन्नास लाख द्या, बायको ही नातेवाईक असल्याने त्या रकमेवर कर लागत नाही. पण त्या रकमेला जे व्याज लागतं, ते कराच्या दृष्टीने देणाऱ्याच्या घरी परत जातं. नाहीतर सगळ्या नोकरदारांनी आपल्या ठेवी बायकोच्या नावावर करून कर शून्य केला असता. म्हणून पंधरा-जीत ती ओळ आहे. एफडीचं व्याज त्या फॉर्मवर लिहून मी सही केली असती, तर माझी घोषणा खोटी ठरली असती, आणि त्याच फॉर्मच्या मागे खोट्या घोषणेबद्दल खटल्याचं कलम २७७ छापलेलं आहे.

"मग सहा लाखांचं एमआयएस?"

"आईने दिलं ना? ते शंभर टक्के तुमचं." आई, वडील, भाऊ, बहीण यांनी दिलेल्या पैशावर भेट म्हणून कर नाही, आणि त्याचं व्याज देणाऱ्याकडे परत जात नाही. ६४ चा तो नियम नवरा-बायकोचा आहे (सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तर मात्र तोच फास, हे त्यांनी जाता जाता सांगितलं). त्यांनी आईच्या चेकची नोंद असलेलं पासबुकाचं पान आणि आईकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून आणायला सांगितल्या, की घराच्या विक्रीतून आलेले अमुक रुपये मी मुलीला प्रेमाने दिले. कोणी विचारलं तर उगम दाखवता यावा एवढ्यासाठी. आईने आपल्या वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि खाली "अनेक आशीर्वाद" असंही लिहिलं. ते राहू दिलं.

आरडीचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. पैसे ह्यांच्या पगारातलेच, पण घरखर्चाला दिलेल्यातून मी वाचवलेले. ते ह्यांनी मला "दिले" असं म्हणायचं का? सल्लागारांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. नागपूर उच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, १९५६ च्या निकालसंग्रहात छापलेला. बायकोला घरखर्चाला आणि कपड्यालत्त्याला म्हणून दिलेल्या पैशातून तिने वाचवून जे घेतलं, त्याचं उत्पन्न नवऱ्याच्या खात्यात धरू नये, असा त्याचा आशय. त्यावर ते म्हणाले, "पण घरखर्चाला तीस हजार देणाऱ्या घरात महिना वीस हजारांची आरडी दाखवलीत, तर तो निकाल तुम्हाला वाचवणार नाही. पाच हजार कोणालाही पटतील." माझी भाजीतली घासाघीस सत्तर वर्षांपूर्वीच्या निकालाने मान्य केलेली आहे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

यानंतर त्यांनी मला घरी पाठवलं ते जून उजाडल्यावर या असं सांगून. कारण चौथ्या तिमाहीच्या टीडीएसचा तपशील बँकेने भरायची मुदत ३१ मे, आणि टीडीएसचं प्रमाणपत्र, फॉर्म १६ए, त्यानंतर पंधरा दिवसांत. त्याआधी पोर्टलवर काही दिसत नाही. मी तरी मेमध्ये धीर न धरता पाहिलंच. आयकराच्या पोर्टलवर पॅन टाकून आधारच्या ओटीपीने नोंदणी केली. तिथे एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक उतरवून घेता येतं. त्या पीडीएफला परवली लागते आणि ती काय हे शोधण्यात माझी एक दुपार गेली. छोट्या लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये काही नाही. म्हणजे पॅन ABCDE1234F आणि जन्म १५ ऑगस्ट १९७३ असेल तर

```
abcde1234f15081973
```

फाइल उघडली. टीडीएसचा पत्ताच नव्हता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उघडली तेव्हा ४,५३६ दिसले. आणि त्याखाली पाहून छातीत धस्स झालं. बँकेचं ४५,३५७ चं व्याज दोनदा होतं, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा बँकेने कळवलेल्या व्याजाच्या भागात. मी बेरीज केली ती नव्वद हजारांवर. नंतर कळलं की एकच रक्कम दोन वाटांनी येते. एआयएसच्याच जोडीला टीआयएस नावाचा सारांश असतो, त्यात ती एकदाच धरलेली होती. बेरीज करायची तर टीआयएसवरून, आणि ती बँकेच्या व्याजाच्या दाखल्याशी ताडून.

उलट बाजूची चूकही तिथेच होती. माझ्या एआयएसमध्ये पोस्टाच्या बचत खात्याचं १,३१२ रुपये व्याज दिसत होतं, पण एमआयएसचे ४४,४०० कुठेच नव्हते. पोस्टाने त्यावर टीडीएसही कापला नव्हता. पोस्टातल्या बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं की पोस्टाचं व्याज माफ असतं. ते पूर्ण खरं नाही. पोस्टाच्या बचत खात्याचं व्याज एकट्याच्या खात्यात वर्षाला ३,५०० पर्यंत आणि संयुक्त खात्यात ७,००० पर्यंत करमुक्त आहे, तेवढंच. एमआयएसचं, पोस्टाच्या आरडीचं, मुदत ठेवीचं व्याज करपात्रच. कापलं नाही म्हणून करमुक्त, किंवा एआयएसमध्ये नाही म्हणून दाखवायचं नाही, असं होत नाही. मी पोस्टातून शिक्क्यानिशी व्याजाचा दाखला आणला. तो लगेच मिळाला नाही. दोन फेऱ्या झाल्या, एकदा प्रिंटर बंद म्हणून आणि एकदा जेवणाची सुट्टी म्हणून.

बचत खात्याच्या व्याजावर दहा हजारांची सूट मिळते ती ८०टीटीए, तिचंही मी सल्लागारांना विचारलं. ती फक्त बचत खात्याला आहे, आरडी-एफडीला नाही, आणि जुनी कररचना निवडली तरच. माझं एकूण उत्पन्नच इतकं कमी की तिची गरज नाही, म्हणून पुढे त्या वाटेला गेलोच नाही.

जुलैच्या शेवटी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी दोन उभ्या रेघा मारून दोन रकाने केले, एक माझा, एक ह्यांचा. माझ्या रकान्यात एमआयएसचे ४४,४००, आरडीचे ६,७८९ आणि बँकेच्या बचत खात्याचे २,१४०. बेरीज ५३,३२९. पोस्टाच्या बचत खात्याचे १,३१२ करमुक्त म्हणून वेगळे. त्या वर्षासाठी नव्या कररचनेत तीन लाखांपर्यंत कर नव्हता, जुनी घेतली असती तरी अडीच लाखांपर्यंत नाही. माझा कर शून्य. रिटर्न भरायची सक्तीही नाही, पण कापलेलं परत हवं तर भरल्याशिवाय मिळत नाही.

ह्यांच्या रकान्यात एफडीचे ३८,५६८. ह्यांचा वर्षाचा पगार साडेअकरा लाख. नव्या रचनेतली ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर १०,७५,०००. एफडीचं व्याज त्याच्या डोक्यावर जाऊन बसतं, म्हणजे त्या वर्षाच्या दहा ते बारा लाखांच्या टप्प्यात, पंधरा टक्क्यांना. ५,७८५ आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून ६,०१७ रुपये.

म्हणजे "तुला कुठे टॅक्स लागतोय" म्हणून ठेवलेल्या एफडीवर घराचा कर ६,०१७! हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"आणि सगळंच माझ्या नावावर दाखवलं तर?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, विचार आलाच. ९२ हजारांचं उत्पन्न, कर शून्य, ४,५३६ पूर्ण परत. सल्लागार म्हणाले, "यंत्र काही बोलणार नाही. परतावाही येईल. तुमच्या रिटर्नमध्ये चूक शोधायचं कोणाला कारण नाही, कारण चूक साहेबांच्या रिटर्नमध्ये असेल. त्यांचं उत्पन्न ३८,५६८ ने कमी दाखवलेलं. उद्या त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात गेलेले पाच लाख कोणी तपासले, तर कर, त्यावर व्याज, आणि कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या निम्मा दंड." आणि मग थोडं थांबून, "माझी सही नसते त्यावर. तुमची असते." विषय संपला.

खरी अडचण टीडीएसची होती. ४,५३६ सगळे माझ्या पॅनवर जमा. पण नियम असा की ज्याच्या हाती उत्पन्न धरलं जातं, कापलेल्या कराचं श्रेय त्याला. यासाठी आयकर नियम ३७बीए आहे. खातेदाराने बँकेला लेखी कळवायचं की या ठेवीचं व्याज अमुक व्यक्तीच्या उत्पन्नात धरलं जातं, त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण लिहायचं. मग बँक टीडीएस त्या व्यक्तीच्या पॅनवर दाखवते. आम्ही हे केलं नव्हतं, माहीतच नव्हतं. आता रिटर्नमधूनच वाट काढायची होती. साध्या सहज फॉर्ममध्ये, म्हणजे आयटीआर-१ मध्ये, त्यासाठी जागा नाही. आयटीआर-२ च्या टीडीएसच्या तक्त्यात मात्र कापलेला कर स्वतः किती घेतला आणि दुसऱ्याकडे किती सोडला, असे दोन रकाने आहेत, आणि दुसऱ्याचा पॅन लिहायची जागा आहे. म्हणून दोघांचीही रिटर्न आयटीआर-२ मध्ये भरली. माझ्यात आरडीच्या व्याजाचे ६७९ मी घेतले आणि ३,८५७ ह्यांच्या पॅनकडे सोडले. ह्यांच्यात तेच ३,८५७ माझ्या पॅनवर कापलेले म्हणून घेतले, आणि एफडीचं व्याज पत्नीच्या नावावरचं पण स्वतःच्या उत्पन्नात धरलेलं, असं त्यासाठीच्या वेगळ्या तक्त्यात दाखवलं. दोन्हीकडचे आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत, नाहीतर एकाचं श्रेय अडकतं. सल्लागारांनी माझी आणि ह्यांची पानं शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

ह्यांच्याकडून ६,०१७ वजा ३,८५७, म्हणजे २,१६० रुपये पोर्टलवरून स्वयंनिर्धारण कर म्हणून भरले. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती, आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही रिटर्न पाठवली आणि आधारच्या ओटीपीने लगेच पडताळली. ती पडताळणी तीस दिवसांत केली नाही तर रिटर्न भरलेलं न भरल्यासारखं होतं. माझं बँक खातंही आधी पोर्टलवर वैध करून घ्यावं लागलं, कारण परतावा चेकने येत नाही, वैध केलेल्या खात्यातच येतो. माझ्या पासबुकावरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावाचा घोळ होता, त्यामुळे पहिल्या वेळी ते नाकारलं गेलं. बँकेत अर्ज देऊन नाव पॅनसारखं करून घेतलं, मग झालं.

सप्टेंबरमध्ये फोनवर संदेश आला. परतावा ६८० रुपये. एक रुपया जास्त दिसतो तो दहाच्या पटीत करण्यामुळे. सल्लागारांची दोघांच्या रिटर्नची फी १,५०० होती. ४,५३६ आणायला निघालेली मी ६८० घेऊन आले, ह्यांनी वर २,१६० भरले. हे भिशीत सांगितलं तर एक मैत्रीण म्हणाली, "एवढा उद्योग करायची काय गरज होती?" तिच्या नवऱ्याने तिच्या नावावर बारा लाख ठेवलेत. मी काही बोलले नाही, फक्त घरी जाऊन पंधरा-जीची ती ओळ वाच म्हटलं.

आता चालू वर्षाचं. एप्रिल २०२५ पासून टीडीएसची मर्यादा चाळीसवरून पन्नास हजार झाली आहे, तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. पण आरडी दर वर्षी फुगते. यंदा तिचं व्याज ११,५८८ होणार, एफडीचं चक्रवाढीने ४१,५४३. बेरीज ५३,१३१, म्हणजे पुन्हा उंबरठ्यापलीकडे. पंधरा-जी आरडीपुरता द्यावा असं मनात होतं, पण बँकेत सांगितलं की त्यांचा संगणक तो फॉर्म ग्राहकाच्या सगळ्या ठेवींना लावतो. मग एफडीचं व्याजही त्यात जाणार आणि घोषणा परत खोटी होणार. म्हणून पंधरा-जी दिलाच नाही. त्याऐवजी ३७बीए चं पत्र दोन प्रतींत नेलं. काउंटरवरच्या त्याच मुलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आत गेली, व्यवस्थापकांना घेऊन आली. त्यांनीही पूर्वी असं पत्र पाहिलेलं नव्हतं. नियमाचा कागद सोबत नेला होता तो दाखवला. शेवटी एक प्रत ठेवून घेतली आणि माझ्या प्रतीवर पोच मारून दिली. ३१ मार्चला टीडीएस कुणाच्या पॅनवर पडतो, ते जूनमध्ये कळेल.

एफडी मोडून ह्यांच्या नावावर करावी का, यावर घरात बोलणं झालं. कर तोच लागणार, मग मोडून दंड कशाला भरा? आणि ह्यांचं म्हणणं असं की पैसे तुझ्या हाताशी असलेले बरे. तेही खरंच. करासाठी ते ह्यांचे असले तरी कागदावर मालकी माझीच आहे.

फक्त एक आकडा मी सल्लागारांकडून मुद्दाम काढून घेतला. ह्यांच्या उत्पन्नात जातं ते मूळ पाच लाखांवरचं व्याज. गेल्या वर्षीच्या ३८,५६८ व्याजावर यंदा जे व्याज लागतं, ते ह्यांच्याकडे जात नाही, ते माझं. यंदाच्या ४१,५४३ मधले २,९७५. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी?" पुढच्या वर्षी ते आणखी वाढणार. एफडीच्या पावतीच्या झेरॉक्सवर मी मागे पेन्सिलीने दोन रकाने आखून ठेवलेत, माझा रकाना जरा रुंद.